तेवीसमधला पाच: खाल्डियन संयुक्त अंक कसे वाचतात

महिन्याच्या ५, १४ आणि २३ तारखेला जन्मलेल्या तिघांनाही अंकशास्त्र एकच मूलांक देतं, तो म्हणजे ५. पाचाला पाच, चौदाचे एक अधिक चार पाच, तेवीसचे दोन अधिक तीन पाच. अंकशास्त्र वाचायला लागलो तेव्हा मला पहिली अडचण इथेच आली. तिघांचा मूलांक एकच असेल, तर १४ आणि २३ या आकड्यांना स्वतःचं काही म्हणणंच उरत नाही का?

खाल्डियन नावाने ओळखली जाणारी पद्धत सांगते की उरतं, आणि तेच जास्त मोलाचं असतं. तिच्यात १ ते ९ हे एकेरी अंक आणि १० पासून पुढचे संयुक्त अंक. एकेरी अंक म्हणजे माणूस चारचौघांना जसा दिसतो तसा. संयुक्त अंक म्हणजे त्याच्यामागे पडद्याआड चाललेली गोष्ट. म्हणून बेरीज करून ५ हाती आला तरी २३ पुसून टाकायचा नसतो. तो बाजूला लिहून ठेवायचा आणि दोन्ही मिळून वाचायचे. या पद्धतीतलं सगळं कौशल्य या ‘दोन्ही मिळून’मध्ये आहे, आणि बहुतेक घोटाळेही तिथेच होतात.

आधी बेरजेकडे पाहू, कारण तिच्यात गूढ असं काही नाही. शाळेत गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहायला आपण ताळा करायचो, तीच ही क्रिया. २३ गुणिले १४ बरोबर ३२२. २३ चे ५, १४ चे ५, पाच पाचे पंचवीस, त्याचे ७. इकडे ३२२ चे तीन, दोन आणि दोन मिळून ७. ताळा जुळला. तो का जुळतो? दहा म्हणजे नऊ अधिक एक. प्रत्येक दशकातून नऊ काढून घेतले की एक उरतो. तेवीसमध्ये दोन दशकं आहेत, म्हणून दोन उरले. त्यात सुट्टे तीन मिळवले की पाच. म्हणजे अंकांची बेरीज करताना आपण नकळत २३ मधून नवाची दोन पटं, म्हणजे १८, काढून टाकत असतो.

यातून एक गोष्ट आपोआप कळते. एखाद्या संख्येत नऊ मिळवले किंवा तिच्यातून नऊ काढले, तरी तिचा एकेरी अंक बदलत नाही. म्हणूनच पाचाचं कुटुंब नऊ-नऊच्या पावलांनी चालतं: ५, १४, २३, ३२, ४१, ५०. सगळ्यांचं घराणं एक, म्हणजे बुधाचं. या परंपरेत ५ हा बुधाचा अंक: चपळ, बोलका, पैशाची उलाढाल करणारा, पडला तरी लवकर उठणारा. पण भावंडांचे स्वभाव वेगळे असतात, तसे १४ आणि २३ वेगळे वाचले जातात. ते कसे, ते पुढे पाहू.

तारखेत संयुक्त अंक तयारच मिळतो. नावासाठी मात्र अक्षरांना किंमत द्यावी लागते. खाल्डियन पद्धतीतल्या किमती रोमन अक्षरांच्या आहेत:

```
१ : A I J Q Y
२ : B K R
३ : C G L S
४ : D M T
५ : E H N X
६ : U V W
७ : O Z
८ : F P
```

उदाहरणासाठी मी गॅलिलिओचं नाव घेतो. हे नाव मी बेरीज आधी करून पाहून निवडलं आहे, कारण मला २३ हवा होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे याला महत्त्व येणार आहे.

```
G A L I L E O
३+१+३+१+३+५+७ = २३ → ५
G A L I L E I
३+१+३+१+३+५+१ = १७ → ८
```

पहिलं नाव २३, आडनाव १७. एका अक्षराचा फरक, शेवटी O आहे की I एवढाच, आणि त्या एका अक्षराने बेरीज सहाने बदलली.

आता पूर्ण नावाचा अंक काढायचा. इथे दोन वाटा फुटतात. काही जण संयुक्त अंकच मिळवतात: २३ अधिक १७ बरोबर ४०, त्याचा ४. कीरोच्या पुस्तकात मात्र प्रत्येक नाव आधी एकेरी करून मग बेरीज घेतलेली दिसते. तसं केलं तर ५ अधिक ८ बरोबर १३, त्याचाही ४. (कीरो म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा प्रसिद्ध हस्तरेषातज्ज्ञ. आज आपण ज्याला खाल्डियन पद्धत म्हणतो ती मुख्यतः त्याच्या इंग्रजी पुस्तकांतून जगभर पसरली.)

एकेरी अंक दोन्ही वाटांनी ४ च आला आणि तो तसाच येणार. ताळ्याचा नियमच तो: आधी नऊ काढा की मागून, उरतं तेच. पण संयुक्त अंक एकदा ४० आला, एकदा १३. या दोघांचे पारंपरिक अर्थ एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. दोन जाणकार एकाच नावाबद्दल वेगवेगळं बोलताना ऐकू आले, तर बहुतेक वेळा त्याचं कारण एवढंच असतं. कुणाचंही वाचन ऐकण्याआधी मी विचारतो, बेरीज कोणत्या वाटेने केली? आणि स्वतः करताना एक वाट ठरवून तीच कायम ठेवतो. अर्थ आवडला नाही म्हणून मधेच वाट बदलणं म्हणजे फासे पुन्हा टाकणं आहे.

दुसरी चूक कोष्टकांची सरमिसळ. पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत A पासून ओळीने १ ते ९ किमती देतात आणि J पासून पुन्हा १ सुरू होतो. तिथे GALILEO ची बेरीज ३४ येते, म्हणजे ७. वेगळी पद्धत, वेगळा अंक. ओळखण्याची खूण सोपी आहे: एखाद्या अक्षराला ९ मिळाले असतील, तर तुम्ही खाल्डियन कोष्टकात नाही. वरच्या कोष्टकात नवाची ओळच नाही.

ही ओळ का नाही? परंपरेतलं उत्तर असं की नऊ हा पवित्र अंक, म्हणून तो कुठल्याही अक्षराला दिला नाही. बेरजेत मात्र तो येऊ शकतो, १८ आणि २७ त्याच्याच घरातले. मला मात्र दुसरं उत्तर जास्त पटतं, आणि ते कोष्टकातच दिसतं. हिब्रू लिपीत अक्षरांनाच संख्यांची किंमत असते. आलेफ १, बेत २, गिमेल ३, दालेत ४, हे ५, वाव ६, झायिन ७. पुढे योद १०, काफ २०, लामेद ३०, मेम ४०, नून ५०, आयिन ७०, पे ८०, कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. आता यांतली शून्यं काढून टाका आणि त्यांच्या जागी जवळची रोमन अक्षरं ठेवा. I आणि J ला १, K ला २, L ला ३, M ला ४, N ला ५, O ला ७, P ला ८, Q ला १, R ला २, S ला ३, T ला ४. जवळजवळ सगळं कोष्टक जसंच्या तसं उभं राहतं. आणि हिब्रूत नऊ कुणाकडे आहेत? तेत म्हणजे ९ आणि त्सादी म्हणजे ९०. या दोन अक्षरांना रोमन लिपीत स्वतंत्र जोडीदार नाही, कारण T ची जागा ताव घेतं आणि S ची शिन. नवाची ओळ रिकामी राहिली ती अशी. X ची किंमत या हिशेबात नीट बसत नाही, पण बाकीची जुळणी योगायोग म्हणून सोडून देण्याइतकी थोडी नाही.

म्हणजे नाव खाल्डियन असलं तरी किमतींचा सांगाडा हिब्रू आहे. खुद्द खाल्डियन लोक, म्हणजे दक्षिण बॅबिलोनियातले, ज्यांचं राज्य इ.स.पू. ६२६ मध्ये उभं राहिलं आणि ५३९ मध्ये पर्शियनांनी घेतलं, त्यांच्या काळातल्या मातीच्या पाट्यांवरची कीलकलिपी ही A, B, C सारखी वर्णमाला नव्हती. त्यांची गणना साठाच्या पायावर होती. दहासाठी कोनासारखी एक खूण, एकासाठी उभी पाचर. तेवीस लिहायचे तर दोन कोन आणि तीन पाचरा. खुणा मोजल्या तर पाच भरतात, हे पाहून मला पहिल्यांदा फार आनंद झाला होता. पण साठ लिहिताना तेच लोक पुन्हा एकच पाचर काढतात, आणि आपल्या बेरजेने साठाचा अंक ६ येतो. अंकांची बेरीज ही दहाच्या पायावर लिहिणाऱ्यांची क्रिया आहे. ग्रीक आणि रोमन काळात ‘खाल्डियन’ हा शब्द ज्योतिषी याच अर्थाने वापरला जाऊ लागला होता, आणि या पद्धतीला तो त्याच अर्थाने चिकटला असं मानलं की गोंधळ मिटतो.

आता अर्थांकडे. १० ते २२ चे अर्थ वाचताना टॅरोची, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांची, पानं ज्याने पाहिली आहेत त्याला लगेच काहीतरी ओळखीचं वाटतं. १० म्हणजे भाग्यचक्र. १२ म्हणजे बळी दिलेला माणूस. १३ म्हणजे विळा घेतलेला सांगाडा. १६ म्हणजे वीज पडून कोसळणारा बुरूज आणि त्यावरून खाली येणारा मुकुटधारी. १७ तारा, १८ चंद्र, १९ सूर्य, २० जागृती किंवा न्यायदिन, २१ विश्व. टॅरोच्या बावीस मोठ्या पानांचाच हा क्रम. अकराला तोंड बांधलेला सिंह सांगितला आहे, आणि टॅरोच्या जुन्या क्रमात अकरावं पान सिंहाला आवरणाऱ्या स्त्रीचं, म्हणजे शक्तीचं असतं. १९०९ साली निघालेल्या एका लोकप्रिय संचात ते पान आठव्या जागी नेलं. त्यामुळे आजची पानं समोर ठेवून अकराचा अर्थ जुळवायला गेलात तर जुळत नाही, जुन्या क्रमाने लगेच जुळतो.

चौदावं पान संयमाचं. त्यावरची आकृती एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतते. म्हणून १४ चा अर्थ मिसळणं आणि हालचाल: माणसांची, वस्तूंची, पैशाची ये-जा. व्यवहार आणि बदल यांना तो चांगला म्हणतात, पण दुसऱ्याच्या चुकीच्या सल्ल्याचा आणि वारा, पाणी, आग यांचा धोका सोबत सांगतात. बावीसला आपल्याच भ्रमात राहणारा भला माणूस, पाठीवर चुकांची झोळी. हा टॅरोमधला गाठोडं घेतलेला भोळा वाटसरू.

आणि इथे पानं संपतात. तेवीस हा चित्रांच्या बाहेर पडलेला पहिला अंक आहे. त्याला परंपरेत ‘सिंहाचा राजतारा’ म्हणतात. अर्थ: यश, वरिष्ठांची मदत, उच्चपदस्थांचं संरक्षण. पुढच्या काळाबद्दल विचारलं असता हा अंक आला तर तो फार शुभ मानतात. सिंह राशीतला ठळक तारा म्हणजे आपली मघा. बॅबिलोनियन खगोलज्ञ त्या ताऱ्याला ‘राजा’च म्हणत, आणि आपल्याकडे मघा नक्षत्राचं चिन्ह सिंहासन आहे. तेवीसचा राजतारा वाचताना हीच मघा माझ्या डोळ्यांपुढे येते. बावीस पानांवरचे बुरूज, सांगाडे आणि झोळ्या संपल्यावर थेट आकाशातला एक तारा समोर यावा, हे मला या परंपरेतलं सर्वांत सुंदर वळण वाटतं.

पाचाच्या कुटुंबात तेवीसचं वेगळेपण आता स्पष्ट होतं. चौदाचा बुध रस्त्यावर आहे: देवघेव, प्रवास, जोखीम. तेवीसचा बुध दरबारात आहे. बोलण्याची, जुळवून घेण्याची तीच हुशारी, पण तिला वरून आधार मिळतो. बत्तीसला पुन्हा माणसांच्या आणि समूहांच्या एकत्र येण्याचा अर्थ आहे. स्वतःच्या मतावर ठाम राहिलात तर चांगला, दुसऱ्यांच्या हट्टाने वाहून गेलात तर बेत बिघडतात, अशी अट सोबत. ४१ आणि ५० यांना बत्तीसचेच अर्थ दिले आहेत. तेवीसला असा इशारा जोडलेला नाही, म्हणून नावात फेरफार करणाऱ्यांची पहिली पसंती तो असतो. पण त्याच्या अर्थात एक गोष्ट गृहीत आहे ती सहसा कुणी सांगत नाही: संरक्षण वरच्या माणसाचं आहे. ते स्वतःचं बळ नव्हे.

आता गॅलिलिओचं वाचन करून पाहू. पहिलं नाव २३. १६१० साली त्याने गुरूचे चार चंद्र जाहीर केले, त्यांना मेदिची घराण्याचं नाव दिलं आणि टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा कोसिमो याचा आश्रय मिळवला. वरिष्ठांची मदत, अगदी शब्दशः. आडनाव १७, मागींचा तारा, म्हणजे जुन्या पौर्वात्य ज्ञानी पुरुषांचा. या अंकाबद्दल सांगतात की माणसाचं नाव त्याच्यामागे टिकून राहतं. तेही खरं. पूर्ण नाव एका वाटेने ४०, आणि चाळिसाला एकतिसाचाच अर्थ आहे: एकाकीपणा, जगापासून तुटलेला माणूस. १६३३ च्या खटल्यानंतर तो नजरकैदेत राहिला आणि १६४२ मध्ये आर्चेत्रीच्या घरात त्याच अवस्थेत गेला. दुसऱ्या वाटेने १३, म्हणजे उलथापालथ, आधीचं मोडून नवं उगवणं. हेसुद्धा लागू पडतं.

सगळंच लागू पडलं, आणि नेमकं इथेच थांबून पाहायला हवं. चार संयुक्त अंक, प्रत्येकाचा रुंद अर्थ, आणि समोर ७७ वर्षांचं घटनांनी भरलेलं आयुष्य. काही ना काही सापडणारच. त्यात उदाहरण मी निवडून आणलेलं. शिवाय तेवीसच्या विरोधातला पुरावाही त्याच आयुष्यात आहे: ज्याच्याकडे सर्वोच्च पद होतं तो पोप आठवा अर्बन आधी त्याचा चाहता होता, १६२३ मध्ये पोप झाला, आणि खटला त्याच्याच कारकिर्दीत चालला. अर्थ आधी घ्यायचा आणि मग आयुष्यात त्याचे पुरावे शोधायचे, अशाने कोणताही अंक खरा ठरतो. या अंकांवरून भविष्य कळतं हे कोणत्याही तपासणीत सिद्ध झालेलं नाही. मी ते प्रतीकांची भाषा म्हणून वाचतो, आणि भाषा शिकायची तर तिचं व्याकरण चोख हवं एवढाच आग्रह धरतो. स्वतःला तपासायचं असेल तर एक उपाय करता येतो. नाव न सांगता फक्त अंक कुणाकडून तरी घ्या, अर्थ कागदावर लिहून ठेवा, आणि माणूस कोण ते नंतर पाहा. ‘लागू पडलं’चं प्रमाण किती उतरतं ते स्वतः अनुभवण्यासारखं आहे.

शेवटची अडचण स्पेलिंगची, आणि आपल्यासाठी ती सर्वांत मोठी आहे. देवनागरीत लिहिलेल्या नावाला ही किंमत लागत नाही, ते रोमनमध्ये उतरवावं लागतं. शेवटी एक A जास्त लिहिला की बेरीज एकने वाढते. २२ चा भोळा वाटसरू २३ चा राजतारा होतो, उच्चार तोच राहतो. I च्या जागी दोन E घातले तर बेरीज नवाने वाढते, म्हणजे एकेरी अंक तोच आणि संयुक्त अंक वेगळा. परंपरेचा नियम असा की माणूस रोजच्या व्यवहारात ज्या नावाने ओळखला जातो ते घ्यायचं, कागदोपत्रीचं लांबलचक नाव नव्हे. नियम ऐकायला सोपा आहे. पण त्या चंद्रांची बातमी देणारं गॅलिलिओचं पुस्तक १६१० मध्ये व्हेनिसला छापलं गेलं, ते लॅटिनमध्ये. लॅटिनमध्ये ‘अमक्याने’ म्हणताना नावाचा शेवट बदलतो, त्यामुळे मुखपृष्ठावर त्याचं आडनावही नावासारखंच छापलं गेलं: GALILEO GALILEO. सतरा गेला, दोन्हीकडे तेवीस आले. बेरीज ४६, आणि सेहेचाळिसाला सदतिसाचा अर्थ देतात: जिवाभावाची मैत्री, लाभणारी भागीदारी. दुसऱ्या वाटेने पाच अधिक पाच दहा, भाग्यचक्र. एकेरी अंक ४ चा १ झाला. माणूस तोच, वर्ष तेच, आणि पुस्तक अर्पण केलेलं कोसिमोला.